फुटबॉलमधली पेनल्टी: गोलकीपरने आधीच बाजू ठरवायची की मारणाऱ्याचा पाय टेकेपर्यंत थांबायचं?

वडोदऱ्यात पोलो ग्राउंडवर सकाळी सरावाला येणारी आपली मराठी पोरं हे नेहमी विचारतात.

चेंडू 11 मीटरवर असतो. जोरकस फटका साधारण अर्ध्या सेकंदात गोलरेषा गाठतो, त्यामुळे चेंडू निघाल्यावर झेपावलात तर कोपरा गेलाच म्हणून समजा. म्हणून बरेच गोलकीपर आधीच बाजू ठरवतात. मान खाली घालून सुसाट धावत येणाऱ्यापुढे हे चालतं, कारण तो तुमच्याकडे बघतच नाही. उजव्या पायाचा खेळाडू तिरका धावत आला, तर त्याचा सहज फटका तुमच्या उजवीकडे येतो.

पण धाव हळू, शेवटी अडखळल्यासारखं पाऊल आणि नजर तुमच्यावर असेल, तर तो तुम्ही हलायचीच वाट बघतोय. आधी झुकलात की तो शांतपणे दुसरीकडे चेंडू सरकवतो. इथे थांबायलाच हवं. त्याचा टेकलेला पाय बघा. डाव्या पायाचा चवडा तुमच्या डावीकडे वळलाय, कंबरही तिकडेच उघडलीय? मग डावीकडे, आणि तेही पाय टेकताक्षणी. असे फटके बहुधा कमी जोराचे असतात, म्हणून उशिरा निघूनही हात पोचतो.

माझा कल थांबण्याकडेच आहे. फटका बसेपर्यंत एक पाऊल तरी रेषेवर किंवा तिच्यामागे लागतंच, आणि घाईने उडी मारणाऱ्याकडून नेमकं तेच सुटतं. मग अडवलेली पेनल्टीसुद्धा पुन्हा घ्यायला लावतात.