आणखी एक दिवस औषधं, की आजच ऑपरेशन?

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचा, एक पेशंट धरू. दिवसाला बारा वेळा रक्ताचे जुलाब, ताप 38.8 अंश सेल्सिअस, नाडी 120. पोटाच्या साध्या एक्स-रेत आडवं मोठं आतडं 7 सेंटिमीटर फुगलेलं. 6 च्या वर गेलं आणि सोबत ताप, वाढलेली नाडी असली, की त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात.

औषधांची वाट म्हणजे शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड, सलाइन, अँटिबायोटिक आणि रोज एक्स-रे. जुलाब थांबवायच्या गोळ्या मात्र बंद, त्यांनी आतडं आणखी फुगतं. जमलं तर आतडं वाचतं. पण ही वाट 24 ते 72 तासांचीच. आतडं फुगलेलं नसेल, तर तिसऱ्या दिवशी इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन या पुढच्या औषधांचा विचार करता येतो. इथे त्यासाठी थांबणं मला धोक्याचं वाटतं.

खरी फसगत स्टिरॉइडची. आतडं फुटलं तरी पोट मऊ लागू शकतं. जुलाब अचानक कमी झाले की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात, पण पोट फुगतच असेल तर ती सुधारणा नव्हे.

ऑपरेशनमध्ये मोठं आतडं काढतात, गुदाशय ठेवतात आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावतात. काही महिन्यांनी पुढची जोडणी बऱ्याच जणांना शक्य होते. आतडं फुटलं किंवा रक्तस्राव थांबेना, तर पर्याय उरतच नाही. आपल्या पेशंटचं आतडं दुसऱ्या दिवशी 8 सेंटिमीटर भरलं, तर सर्जनने त्याच दिवशी हात घालावा. फुटल्यानंतर तेच ऑपरेशन कितीतरी जास्त जीवघेणं ठरतं.