पुराच्या ड्रिलची टेबलटॉप स्क्रिप्ट: सात महिने वापरल्यानंतर

सिंहगड रस्त्याला नदीजवळ आमचं तीस खाटांचं हॉस्पिटल आहे. 25 जुलै 2024 ला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही थोडक्यात वाचलो. पुराच्या ड्रिलचं 38 स्लाइडचं प्रेझेंटेशन तेव्हाही होतं. दरवर्षी सगळे ते बघायचे, चहा प्यायचे आणि सही करून जायचे. गेल्या सात महिन्यांत त्याची स्क्रिप्ट करून आम्ही ती टेबलाभोवती बसून तीनदा खेळलो.

पहिली स्क्रिप्ट फसली, आणि चूक माझी. मी स्लाइडवरची वाक्यंच वेळ घालून अपडेट म्हणून दिली होती. ‘रात्री 11:10. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, तळघरात पाणी येण्याची शक्यता.’ झालं! सगळे एका सुरात म्हणाले, ‘मेन पॅनल बंद करा.’ उत्तर मीच दिलं होतं.

दुसऱ्या वेळी तीच बातमी चिठ्ठीवर लिहून फक्त वॉचमनच्या हातात दिली: ‘शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, पाणी सोडलंय म्हणे. किती, ते लिहिलेलं नाही.’ काका चिठ्ठी धरून बसून राहिले. रात्रपाळीच्या आरएमओंपर्यंत, म्हणजे निवासी डॉक्टरांपर्यंत, बातमी पोचायला चौदा मिनिटं लागली, कारण कुणाला सांगायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. स्लाइडवर ‘संबंधितांना कळवा’ असं होतं, नाव कुणाचंच नव्हतं.

मग पुढची चिठ्ठी सिस्टरला: ‘आयसीयूत एक पेशंट व्हेंटिलेटरवर.’ आमच्याकडे पॅनल आणि जनरेटर दोन्ही तळघरात. पाणी यायच्या आधी पॅनल बंद केलं तर व्हेंटिलेटर बॅटरीवर जातो. नाही केलं तर पाण्यात वीज. पॅनल बंद करायचा हुकूम द्यायचा कुणी, यावर दोन डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिले. आता ते नाव पॅनलच्या दारावर रंगवलंय.

निरीक्षकांचे प्रश्नही बदलावे लागले. ‘समन्वय चांगला होता का?’ याला सगळे ‘हो’ लिहितात. आता कागदावर असतं: पॅनलचा निर्णय कुणी घेतला, कितव्या मिनिटाला, आणि बोलून दाखवला की गृहीत धरला? निरीक्षकाने फक्त वेळ आणि शब्द टिपायचे, मदत करायची नाही. मेट्रनबाईंना हे अजूनही जमत नाही, मधेच कुजबुजतात.

एक उणीव राहतेच. टेबलावर ‘पेशंट वरच्या मजल्यावर हलवला’ हे एका वाक्यात होतं. म्हणून आम्ही खरोखर स्ट्रेचर जिन्याने नेऊन पाहिलं, एका मजल्याला अकरा मिनिटं लागली. आता कुणी पेशंट हलवला की खेळ चालवणारा अकरा मिनिटांचं कार्ड समोर टाकतो, आणि तेवढा वेळ स्ट्रेचर नेणाऱ्या चौघांना दुसरं काहीच करता येत नाही. तिसऱ्या वेळी या कार्डाने रात्रपाळीची माणसं कमी पडतात हे उघडं पाडलं. त्यावर व्यवस्थापनाचं उत्तर अजून आलेलं नाही.