महागड्या घड्याळाची नक्कल की साधा अस्सल बँड? त्याच पैशांत काय घ्यावं

ऑनलाइन शोधायला बसलं की दोन गोष्टी एकाच किमतीत शेजारीशेजारी दिसतात. एक म्हणजे ॲपल वॉच अल्ट्रासारखं हुबेहूब दिसणारं मोठं घड्याळ. त्याच्या वर्णनात ईसीजी, रक्तदाब, रक्तातली साखर, ऑक्सिजन, जीपीएस असं सगळं असतं. दुसरी म्हणजे नाव असलेल्या कंपनीचा अरुंद पट्टीसारखा बँड. तो पावलं, नाडी, झोप आणि फार तर ऑक्सिजन मोजतो. मन अर्थातच पहिल्याकडे ओढ घेतं.

नक्कल ओळखायला बरेचदा वर्णन नीट वाचलं तरी पुरतं. खरं ॲपल वॉच सुरू करायला आयफोन लागतोच, अँड्रॉइड फोनशी ते जोडता येत नाही. त्यामुळे फोटोत ॲपलचं रूप आणि खाली ‘अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर चालतं’ असं लिहिलेलं असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही. घड्याळ हातात आल्यावर सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, असं बरेच जण सांगतात. नंबर सापडला नाही तर माल खोटा. पण सापडला म्हणून खरा ठरत नाही, कारण खऱ्या घड्याळाचा नंबर नकलेच्या खोक्यावर छापणं सोपं आहे.

दिसण्यापुरतीच नक्कल असती तर मी एवढं लिहिलं नसतं. दागिना म्हणून घालणाऱ्याने खुशाल घालावं. अडचण होते ती आकड्यांमुळे.

माझ्या मावशीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या मुलाने हौसेने असंच एक घड्याळ आणून दिलं. ते रोज 118/76च्या आसपास दाखवायचं, आणि मावशी म्हणायला लागली, “आता गोळी बंद केली तरी चालेल की रे.” दंडावर पट्टा फुगवायच्या मशीनने मोजलं तर 152/94. मग मी घड्याळाच्या ॲपमध्ये गेलो आणि वयाच्या रकान्यात 64 होतं तिथे 25 केलं. हात तोच, बसणं तेच, तरी आकडा लगेच खाली सरकला. वय, वजन आणि नाडी यांवरून ‘साधारण शोभेल’ असा आकडा तयार होत होता. रक्तदाब कोणी मोजतच नव्हतं.

खऱ्या घड्याळांचं रक्तदाबाबाबत काय? सॅमसंगच्या काही घड्याळांत ती सोय आहे, पण आधी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागते आणि दर 28 दिवसांनी पुन्हा जुळवावी लागते. हुवावेच्या वॉच डीमध्ये पट्ट्यातच फुगणारी पिशवी आहे. म्हणजे नामांकित कंपन्यांनाही हे फुकट जमलेलं नाही. जुळवणी नाही, पिशवी नाही आणि तरी वरचा-खालचा आकडा मिळतोय, तर तो सोडून द्यावा. साखरेचं तर विचारूच नका. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024मध्ये दिला होता. ज्या वर्णनात ‘साखर मोजतं’ लिहिलंय, तिथल्या बाकीच्या दाव्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

ईसीजीची परीक्षा सोपी आहे. हृदयाचा विद्युतसंकेत टिपायला शरीराशी किमान दोन ठिकाणी स्पर्श लागतो. घड्याळाची पाठ एका मनगटाला टेकलेली असते, म्हणून खरी घड्याळं दुसऱ्या हाताचं बोट बटणावर किंवा कडेवर ठेवायला लावतात. बोट न लावताही पडद्यावर छान लाट धावत असेल, तर ते नुसतं चित्र आहे.

ऑक्सिजनसाठी खोलीत अंधार करा, मोजणी सुरू करा आणि घड्याळाची पाठ जरा तिरकी करून बघा. नाडीला हिरवा दिवा पुरतो. ऑक्सिजनला लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन वेगळे प्रकाश लागतात. मोजताना फक्त हिरवाच लुकलुकत असेल आणि शेवटी 98 टक्के येत असतील, तर तो 98 कुठून आला ते तुम्हीच ठरवा. उलट लाल दिवा दिसला म्हणून मोजमाप खरंच, असंही नाही. शोभेसाठीही दिवा लावता येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुंडाळलेल्या टॉवेलवर घड्याळ बांधायचं, नाडी दाखवली तर खोटं, ही चाचणी सगळीकडे फिरते. पण परतून येणाऱ्या प्रकाशातली बारीक हालचाल नाडी समजून अस्सल बँडही कधीकधी टॉवेलची ‘नाडी’ दाखवतात. त्यापेक्षा स्वस्थ बसून मानेवर बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिटभर ठोके मोजा. मग दोन-तीन मिनिटं जिने चढून थांबल्याथांबल्या 15 सेकंद मोजून चारने गुणा. तुमचा आकडा 70वरून 120वर गेला आणि घड्याळ 78वरच अडून बसलं, तर निकाल लागला. साधा अस्सल बँडही धावताना थोडा मागे-पुढे होतो, पण चढ-उताराची दिशा सहसा बरोबर पकडतो.

दुसरा धोका ॲपचा. बँडचं ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमध्ये असतं आणि त्यामागे नाव-पत्ता असलेली कंपनी असते. नकलेच्या खोक्यात बरेचदा एक क्यूआर कोड असतो, आणि तो स्टोअर टाळून थेट एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, उतरवायला लावतो. तिथेच थांबावं. लोकेशन मागितलं म्हणून लगेच बिचकू नका. अँड्रॉइड 11पर्यंत ब्लूटूथवर उपकरण शोधायलाच ती परवानगी लागायची. खरी नाजूक परवानगी म्हणजे नोटिफिकेशन वाचण्याची. मनगटावर मेसेज दिसायचे तर ती अस्सल बँडलाही द्यावी लागते, आणि त्यातून बँकेचा ओटीपीही जातो. म्हणून ती मागणारा कोण, याला महत्त्व. पत्ता नसलेल्या ॲपला ती मी देणार नाही. एसएमएस आणि कॉल लॉग तर नाहीच.

बॅटरीबद्दल थोडक्यात. अस्सल वस्तूही बिघडते. फिटबिटचं आयोनिक घड्याळ तापून लोक भाजले, म्हणून मार्च 2022मध्ये कंपनीने ते परत मागवलं. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे 10 लाख घड्याळं विकली गेली होती, आणि ग्राहकांना पैसे परत मिळाले. नकलेची बॅटरी फुगली तर परत मागवणारं कोणीच नसतं. पडदा कडेने उचलल्यासारखा दिसला किंवा चार्ज होताना पाठ चटका देण्याइतकी तापली, तर पुन्हा चार्जिंगला लावू नका.

माझा कौल साध्या बँडला. मोठा पडदा आणि मनगटावरून फोनवर बोलणं हेच हवं असेल, तर कोणाचं रूप न चोरता स्वतःच्या नावाने विकलं जाणारं स्वस्त घड्याळ घ्या, फक्त त्याच्या आरोग्याच्या आकड्यांवर विसंबू नका. ॲपलच हवं असेल तर वापरलेलं घेता येईल, पण आधीच्या मालकाने ते आपल्या खात्यातून काढलंय ना ते समोरच बघा. नाहीतर ते तुमच्या फोनला जोडलंच जाणार नाही.

नक्कल आधीच घरी आली असेल तर वरच्या चाचण्या परतीची मुदत संपायच्या आत करून घ्या. परत पाठवण्याआधी घड्याळ फॅक्टरी रीसेट करा, फोनच्या ब्लूटूथ यादीतून काढा, ॲपमधलं खातं पुसा आणि मगच ॲप काढून टाका. नुसतं ॲप काढलं तर खात्यातली माहिती त्यांच्याकडे तशीच राहते.