काश्मीर टूरच्या पोस्टमधून गायब झालेली स्लाइड

उन्हाळी सुट्टीच्या ग्रुप टूरचं बुकिंग सध्या जोरात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय. नाशिकच्याच एका एजन्सीने आमच्या अख्ख्या ग्रुपला फसवलं.

इन्स्टाग्रामवर त्यांची आठ स्लाइडची पोस्ट होती. दिवसवार कार्यक्रमात गुलमर्गच्या स्लाइडवर तिथल्या रोपवेचा म्हणजे गोंडोलाचा फोटो, पहलगामच्या स्लाइडवर बेताब व्हॅली, आरू, चंदनवाडी. सातवी स्लाइड ‘समाविष्ट’: हॉटेल, नाश्ता, रात्रीचं जेवण आणि ‘सर्व साइटसीइंग तिकिटांसह’. आठवीवर ‘समाविष्ट नाही’, त्यात फक्त विमानभाडं आणि वैयक्तिक खर्च. इतकं स्पष्ट लिहिलंय म्हटल्यावर आम्ही दरडोई 34,000 भरले.

गुलमर्गला टूर मॅनेजर म्हणाला, गोंडोला स्वखर्चाने. पहिला टप्पा कोंगडूरी, दुसरा अफरवट, आणि तिकिटं आधीच ऑनलाइन काढावी लागतात. सीझनमध्ये ती लवकर संपतात, त्यामुळे पैसे द्यायची तयारी असूनही बरेच जण खालीच थांबले. सासूबाई बर्फ बघायला म्हणून आल्या होत्या, त्या बिचाऱ्या दिवसभर चहाच्या टपरीवर बसून राहिल्या. पहलगामला बस स्टँडवरच थांबली. बेताब, आरू, चंदनवाडीला तिथल्या युनियनच्याच गाड्या न्याव्या लागतात, त्याचे पैसे वेगळे. काश्मीरच्या टूर काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

‘तिकिटांसह’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून पोस्ट उघडली, तर स्लाइड सातच! समाविष्टची स्लाइड काढून टाकली होती. पोस्ट टाकल्यावरही मधली एखादी स्लाइड उडवता येते. तारीख, लाइक, कमेंट सगळं जसंच्या तसं राहतं, त्यामुळे बघणाऱ्याला कळतच नाही. आणि बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होतं, ‘समाविष्टमध्ये नमूद नसलेला सर्व खर्च प्रवाशाचा’. समाविष्टची यादीच नाही म्हटल्यावर सगळाच खर्च आपल्या माथी!

जाऊबाईंनी बुकिंगआधी आठही स्लाइडचे स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते, तारखेसकट. ते दाखवल्यावर एजन्सीची भाषा बदलली, पण पैसे काही दिले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तिथे निपटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

तुम्ही काश्मीरचं बुकिंग करणार असाल तर ॲडव्हान्स देण्याआधी एजन्सीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या: गोंडोलाची तिकिटं कुठल्या टप्प्यापर्यंतची, ती कोण काढणार, पहलगामची युनियन टॅक्सी कोणाच्या खर्चाने. ‘साइटसीइंग’ एवढ्या एका शब्दावर पैसे देऊ नका.