रोजचा ‘पोट साफ’ चहा की इसबगोल, भाकरी आणि सकाळची दहा मिनिटं?

मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. विश्रामबागला मी जिथं फार्मासिस्ट आहे, त्या मेडिकलमध्ये ती गुरुवारी संध्याकाळी आली आणि म्हणाली, “त्या चहाची दोन खोकी दे. एक माझं, एक वहिनीला. तिचा कोठा लई जड झालाय.”

“अगं, पंधरा दिवसांपूर्वीच नेलंस की.”

“आता एका पिशवीनं होत नाही. दोन टाकते. पण सकाळी कसं एकदम मोकळं! वजनही उतरलं बघ, दीड किलो. तूपण घे, आयुर्वेदिकच आहे.”

मी खोकं उलटं करून बारीक अक्षरांतली यादी तिला वाचून दाखवली. बडीशेप, सुंठ, ज्येष्ठमध आणि सगळ्यात जास्त सोनामुखीचं पान. चव बाकीच्यांची, काम सोनामुखीचं. हे पान औषध म्हणून जुनं आणि खात्रीचं आहे, त्यात वाद नाही. ॲलोपॅथीच्या गोळ्यांतही तेच असतं, तिथं त्यातला सेनोसाइड हा घटक मिलिग्रॅममध्ये मोजून घातलेला असतो. चहात ते मोजमाप राहत नाही. पिशवी तीन मिनिटं बुडवली तर एक डोस, फोनवर बोलता बोलता पंधरा मिनिटं राहिली तर वेगळाच.

“मग काय झालं? गुण तर येतो ना?” मंगल म्हणाली.

गुण येतो, आणि तो कसा येतो यावरच वहिनीचा निर्णय ठरायला हवा होता. सोनामुखीतला घटक लहान आतड्यातून जवळजवळ तसाच पुढं जातो. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो फोडतात, तेव्हा कुठं त्याचा परिणाम सुरू होतो. आतडं जोरानं आकुंचन पावतं आणि मळातलं पाणी शोषून घ्यायचं काम मंदावतं. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून चहा रात्री घ्यायचा आणि सकाळी पळायचं. पहाटे पोटात मुरडा येतो तोही याच आकुंचनामुळं.

मंगलच्या दीड किलोचं उत्तरही इथंच आहे. जेवणातली साखर, तेल, प्रथिनं यांचं बहुतेक शोषण लहान आतड्यात आधीच झालेलं असतं. चहा काम करतो त्याच्या पुढं. त्यामुळं बाहेर जातं ते पाणी, क्षार आणि मळ, चरबी नाही. दोन दिवस नीट पाणी प्यायलं की काटा परत जागेवर येतो. हे मी सांगितल्यावर मंगलचा चेहरा पडला. मला वाटतं, तिला चहा आवडायचं खरं कारण वजनच असावं.

आता दोन पिशव्यांची गोष्ट. एरवी आपण शौचाला जातो तेव्हा मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग रिकामा होतो. सोनामुखीच्या जोरानं त्याच्या पलीकडचा बराच भाग एकदम रिकामा होतो. तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी काही झालं नाही तर ते बद्धकोष्ठ नव्हेच, आत काही नाही म्हणून बाहेर काही नाही. पण माणूस घाबरतो आणि त्या रात्री पुन्हा चहा टाकतो. मग भरायला वेळच मिळत नाही, आणि ‘चहाशिवाय मला होतच नाही’ अशी खात्री पक्की होते. या औषधानं आतड्याच्या नसा कायमच्या मरतात असं लोक सांगतात. साध्या डोसमध्ये तसं होतं याला भक्कम पुरावा नाही, म्हणून मी मंगलला ती भीती घातली नाही. तिला अडकवायला हे चक्रच पुरेसं होतं.

“आणि रोज व्हायलाच पाहिजे असं कोण म्हणालं?” मी विचारलं. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या पट्ट्यात कुठंही असलात, मळ मऊ असेल आणि कुंथावं लागत नसेल तर ते ठीकच आहे. मंगलला हे पटेना. तिच्या सासूबाईंच्या घरात सकाळी परसाकडं न गेलेल्या माणसाला चहासुद्धा मिळत नसे.

वहिनीचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. वय चव्वेचाळीस. रक्त कमी म्हणून दोन महिन्यांपासून लोहाची गोळी, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी. हे ऐकल्यावर मी दुसरं खोकं सरळ फळीवर परत ठेवलं.

लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रोजच्या पातळ जुलाबानंही ते जातं. या चहात ज्येष्ठमध आहे, आणि ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर तेही पोटॅशियम उतरवतं, वर बीपी चढवतं. म्हणजे तीन बाजूंनी गळती. पिंढऱ्यांत गोळे येणं, जिना चढताना पायांत जोर नसणं, छातीत धडधड अशी लक्षणं त्यातून येतात आणि आपण ती कामाच्या दगदगीवर ढकलतो. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसात तर हे धोक्याचंच. ‘आयुर्वेदिक आहे’ एवढ्यावर हा हिशोब सुटत नाही. कुणी चांगले वैद्यही सोनामुखी सरसकट रोज घ्या म्हणणार नाहीत.

“मग तिनं काय करायचं? ती बिचारी आठवड्यातून दोनदा जाते, तेही रडत.”

आधी कारण बघायचं. लोहाच्या गोळीनं मळ काळा आणि घट्ट होतो, हे नेहमीचं. गोळी मनानं बंद करायची नाही, पण एक दिवसाआड चालेल का किंवा प्रकार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. दुसरं, वहिनी मिरजेला नोकरीला. सकाळी सव्वासातची बस. कळ येते ती बसमध्ये, आणि ऑफिसातल्या संडासात ती जात नाही. दाबलेली कळ विरून जाते, मळ आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी ओढत राहतं आणि तो आणखी कडक होतो. तिसरं, ताट. कणीक चाळून कोंडा टाकून दिलेला, दोन्ही वेळा भात, सोमवार आणि संकष्टीला साबुदाणा. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाहीच.

चहा यातल्या एकाही कारणाला हात लावत नाही. सवयींची बाजू जड होते ती इथं, पण त्यांची खोटही मी मंगलपासून लपवली नाही: त्या सावकाश लागू पडतात. चहाला एक रात्र पुरते, इसबगोलाला एक ते तीन दिवस, आणि वेळेची सवय बसायला दोन-तीन आठवडे. त्यात पहिल्या आठवड्यात पोट फुगतं, गॅस होतो. बहुतेक जण तिथंच सोडून देतात.

इसबगोलाचा भुसा पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ, भरीव करतो. आतड्याला चाबूक मारत नाही. सुरुवात रोज एका चमच्यानं, आठवड्यानं दोन. मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. तो ग्लासात ठेवला तर लापशी होते. कोरडा तोंडात टाकला तर घशात चिकटून गुदमरायला होऊ शकतं, म्हणून गिळायला त्रास असलेल्यांनी तो घ्यायचाच नाही. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळीचं शोषण अडतं.

ताटात तिनं तीनच बदल केले. रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, एक वाटी मटकीची उसळ आणि दुपारी एक पेरू. प्रत्येकातून साधारण चार-पाच ग्रॅम चोथा मिळतो. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम हवा असतो, म्हणजे निम्मं काम इथंच झालं. मंगल म्हणाली, “आणि रात्री भिजवलेले बेदाणे?” तासगावच्या बेदाण्यांचा मलाही अभिमान आहे, पण वीस बेदाण्यांतून अर्धा ग्रॅमही चोथा मिळत नाही. आवडीनं खावेत, औषध म्हणून मोजू नयेत.

सगळ्यात जास्त फरक पडला तो वेळेनं. रिकाम्या पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, आणि सकाळी हा जोर जास्त असतो. वहिनी आता पावणेसहाला उठते, सहाला साधा चहा पिते आणि घासभर काहीतरी खाते, सव्वासहाला जाऊन बसते. दहा मिनिटं, मोबाईल बाहेर. झालं तर झालं, कुंथायचं नाही. वाड्यात होती तोवर उकिडवं बसणं आपोआप व्हायचं. आता फ्लॅटमध्ये कमोड आहे, म्हणून पायांखाली वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल. गुडघे कमरेच्या वर गेले की गुदद्वाराजवळचं वळण सरळ होतं आणि जोर कमी लागतो.

एवढं करूनही जमलं नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोज किंवा पाण्यात मिसळायची मॅक्रोगोलची पावडर देतात, ती आतड्यात पाणी धरून ठेवते. आणि सोनामुखीलाही तिची जागा आहे. तीव्र वेदनाशामक चालू असताना किंवा चार दिवस काहीच झालं नाही तर एखाद-दोन रात्री ती घ्यायला हरकत नाही. आठवड्यापुढं मात्र डॉक्टरांना विचारूनच. मळात रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा पोट फुगून उलट्या आणि वारासुद्धा सरकत नाही, यांत चहाही नको आणि इसबगोलही नको. तपासणीच हवी, आणि शेवटच्या प्रकारात तर त्याच तासाला. वहिनीचं रक्त का कमी आहे, याचंही उत्तर तिनं डॉक्टरांकडून घ्यावं, असं मी मुद्दाम सांगितलं.

राहिली मंगल. तिला मी चहा एकदम बंद करायला सांगितलं नाही. आधी आठवडाभर इसबगोल आणि पाणी, सोबत चहाची एकच पिशवी. मग एक दिवसाआड, मग तीन दिवसांतून एकदा, मग बंद. बंद केल्यावर दोन-तीन दिवस काही होणार नाही, ते आतडं भरायचे दिवस आहेत, हेही बजावलं.

बंद केल्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. “अगं, आजही काही नाही. एकच पिशवी टाकू का?”

“पोट दुखतंय? फुगलंय? उलटी?”

“नाही गं. भूकही लागलीय.”

“मग जेव आणि उद्या सकाळी बघ.”

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. संध्याकाळी ती भडंगाचा पुडा घेऊन स्वतःच आली, आणि उरलेलं अर्धं खोकं परत घेतेस का, असं विचारू लागली. फोडलेलं खोकं कुठलं परत घेणार!