‘सहज करा’ म्हणावं, बोट ठेवावं, की स्वतःच लिहून दाखवावं?

आमच्या सोसायटीच्या नोटिसा मी एआयकडून लिहून घेतो. पहिला खर्डा क्वचितच जसाच्या तसा लावता येतो, म्हणून दुसरा मागवताना काय सांगायचं हा प्रश्न दर वेळी असतो. मी तीन पद्धती आलटून पालटून वापरल्या. मोघम शेरा द्यायचा: ‘कृत्रिम वाटतंय, सहज करा.’ किंवा एकेका वाक्यावर बोट ठेवून काय बिघडलंय ते सांगायचं. किंवा एक वाक्य स्वतः लिहून ‘बाकीचं असंच करा’ म्हणायचं.

टाकी धुण्याच्या नोटिशीचा पहिला खर्डा असा आला होता: ‘सोसायटीद्वारे पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्यात येणार आहे, जी आपल्या आरोग्यासाठी महत्त्वाची भूमिका बजावते. ही केवळ स्वच्छता नसून निरोगी जीवनाकडे टाकलेलं एक पाऊल आहे. रविवारी सकाळी सातच्या आत पाणी भरून ठेवा.’

मी आधी मोघम शेराच दिला. दुसरा खर्डा ‘मित्रांनो, चला, आपली टाकी चकाचक करूया!’ असा सुरू झाला. सहज म्हणजे लाडात बोलणं, असा अर्थ लागला होता. तेही चाललं असतं. पण शेवटचं वाक्य, पूर्ण खर्ड्यातलं एकमेव चांगलं वाक्य, बदलून ‘सकाळी लवकर पाण्याचा साठा करून ठेवायला विसरू नका’ असं झालं. सातच्या वेळेचा पत्ताच नाही. मोघम शेऱ्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो इथे. काय वाईट आहे ते सांगितलं नाही की काय चांगलं आहे तेही कळत नाही, आणि सगळाच मजकूर नव्याने लिहिला जातो. मग दर खर्ड्यात आधीचं काय हरवलं ते ओळीओळीनं ताडून बघत बसावं लागतं.

बोट ठेवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा माझीही चूक झाली. मी ‘द्वारे वापरू नका’ एवढंच लिहिलं. उत्तरात ‘सोसायटीच्या माध्यमातून’ आलं. शब्द गेला, दुखणं तिथंच राहिलं. दुखणं हे होतं की काम करणारा माणूस वाक्यात कुठेच नव्हता. मग मी असं लिहिलं:

‘पहिल्या वाक्यात टाकी कोण धुणार ते कळत नाही, “सफाई कामगार” हा कर्ता आधी आणा. “जी” टाकीला लागते की स्वच्छतेला, हे समजत नाही. तिथं वाक्य तोडा आणि पुढचा भाग टाकून द्या. दुसरं वाक्य पूर्ण काढा, टाकी का धुवायची हे इथं कुणाला पटवायचं नाही. तिसऱ्या वाक्याला हात लावू नका.’

आलं ते असं: ‘सफाई कामगार पाण्याची टाकी धुणार आहेत. रविवारी सकाळी सातच्या आत पाणी भरून ठेवा.’

माझ्या मते शेऱ्यात तीन गोष्टी हव्यात: जागा, तिथं वाचणारा का अडखळतो ते, आणि काय तसंच ठेवायचं ते. शेरा नेमका झाला का हे तपासायला मी तो बायकोला वाचायला देतो. त्यावरून तिला हातानं दुरुस्ती करता आली, तर तो पुरेसा. ‘जरा जड वाटतंय’ यावरून तिला काहीच करता येत नाही.

स्वतः वाक्य लिहून दाखवणं वेगवान आहे, आणि बोलण्याची धाटणी सांगता येत नसेल तेव्हा कदाचित तेच बरं. माझा अनुभव एवढाच की नमुन्याची नक्कल फार होते. मी ‘गाड्या शनिवारी रात्रीच हलवा’ असं एक वाक्य दिलं, तर सगळी नोटीस हुकूम सोडल्यासारखी झाली. नमुन्यातली कोणती गोष्ट उचलायची हे शेवटी शब्दांतच सांगावं लागलं. मोघम शेराही अगदी टाकाऊ नाही. सगळा सूरच चुकला असेल आणि काही वाचवायचं नसेल, तर एक फेरी तसाच द्यायला हरकत नाही.

बोट ठेवण्याचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. त्याच नोटिशीच्या आणखी एका खर्ड्याचा शेवट ‘आपल्या सहकार्याने हे कार्य सुरळीत पार पडेल’ असा होता. मला तो पोकळ वाटत होता. पोकळ म्हणजे नेमकं काय, हे लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की लोकांना तिथं पाणी परत कधी येणार ते हवं होतं, आणि ते मी सांगितलंच नव्हतं. माहिती नसली की तिथं अशी वाक्यं भरली जातात. ‘पोकळपणा काढा’ म्हटलं असतं तर दुसरं पोकळ वाक्य आलं असतं. मी टाकी धुणाऱ्यांना फोन करून वेळ विचारली आणि त्या वाक्याच्या जागी ‘दुपारी तीननंतर पाणी सोडू, आधी थोडा वेळ नळ वाहू द्या’ एवढंच घालायला सांगितलं.