क्रेडिट कार्ड, दीड वर्षाच्या वापरानंतर: ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिले आणि 61 हजारांचे 91 हजार झाले

सप्टेंबरमध्ये मुलीच्या दुसऱ्या सत्राची फी भरायला गेले. बारा हजार रुपये. शाळेच्या खिडकीत कार्ड दिलं, मशीनने नाकारलं. पुन्हा घासलं, पुन्हा नाकारलं. कार्डाची मर्यादा एक लाख आहे आणि दरमहा पैसे न चुकता कापले जातात, त्यामुळे मशीनच बिघडलंय असं मी ठामपणे सांगितलं. फी यूपीआयवरून भरली. घरी येऊन अ‍ॅप उघडलं, तर एकूण बाकी 91,240 रुपये.

मी बँकेशी भांडायच्या तयारीने बसले होते. हा रिव्ह्यू तेव्हाच लिहिला असता तर एक स्टार देऊन मोकळी झाले असते. तेव्हा लिहिला नाही ते बरं झालं, कारण खरा प्रकार समजायला मला पुढचे पंधरा दिवस लागले. कार्डाची माहिती, पॉइंट्स, लाउंज वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय: ऑटो डेबिटच्या फॉर्मवरचे ते दोन चौकोन.

कार्ड घेताना बँकेचा माणूस ऑफिसात आला होता. ऑटो डेबिटच्या पानावर ‘टोटल ड्यू’ आणि ‘मिनिमम ड्यू’ असे दोन चौकोन होते. तो म्हणाला, “मॅडम, मिनिममवर करा, खात्यावर ताण येत नाही. जास्तीचे तुम्ही कधीही भरू शकता.” मी मिनिममवर खूण केली. त्यानंतर दर महिन्याच्या 2 तारखेला पैसे कापले गेले, ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ असा मेसेज आला, लेट फी कधी लागली नाही, वसुलीचा फोन कधी आला नाही. मिनिमम भरलं की खातं नियमित राहतं, एवढंच त्याचं काम. कर्ज फेडलं जातंय असा त्याचा अर्थ होत नाही. मी मात्र तोच अर्थ घेऊन चालले होते.

आता हिशोब. जुनी सगळी स्टेटमेंट डाउनलोड केली आणि वहीत एकेक ओळ उतरवली.

16 मार्च 2024 ला फ्रिज घेतला, 42,000. 1 एप्रिलला आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे वरचे 18,000 कार्डावर भरले. 12 एप्रिलला स्टेटमेंट आलं: एकूण 60,000, मिनिमम 5 टक्के म्हणजे 3,000, शेवटची तारीख 2 मे. 2 मेला 3,000 गेले. मग 12 मेच्या स्टेटमेंटला 57,000 च्या आसपास दिसायला हवेत की नाही? त्या महिन्यात मी कार्ड हातातही घेतलं नव्हतं. तरी आकडा होता 61,332.

कस्टमर केअरला फोन लावला, आवाज चढलेलाच होता. पलीकडचा मुलगा शांत होता. म्हणाला, “मॅडम, बिल पूर्ण न भरल्यास व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, ड्यू डेटपासून नाही.” मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं.

म्हणजे माझी समजूत अशी होती की 3,000 भरले, उरलेल्या 57,000 वर 2 मेनंतर व्याज सुरू होईल. प्रत्यक्षात फ्रिजच्या पूर्ण 42,000 वर 16 मार्चपासून 2 मेपर्यंत 47 दिवसांचं व्याज लागलं, 2,336 रुपये. ऑपरेशनच्या 18,000 वर 31 दिवसांचं, 660. मग 57,000 वर पुढच्या दहा दिवसांचं, 675. एकूण 3,671. दर महिन्याला 3.6 टक्के, म्हणजे वर्षाला 43.2. वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 661 रुपये. भरले 3,000 आणि लागले 4,332.

ते ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ म्हणतात ना, ते फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असतं. एक रुपया मागे राहिला तरी ती सवलत संपूर्ण बिलासाठी जाते. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ती नव्या खरेदीसाठीही जाते. जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत जे काही कार्डावर घ्याल, त्यावर त्याच दिवसापासून व्याज. जुलैमध्ये मेडिकलमधून 640 रुपयांच्या गोळ्या घेतल्या होत्या. पुढच्या बिलाला भरू म्हणून निवांत होते. त्या गोळ्यांवर दुकानातून बाहेर पडल्यापासून मीटर चालू होतं, महिन्याला जीएसटीसकट साधारण 27 रुपये. आणि गोळ्यांचे पैसे ‘फिटले’ असं कधी झालंच नाही, ते त्या मोठ्या बाकीत मिसळून गेले. मी रोज भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई, मला हे वाचून रात्री झोप आली नाही.

इथपर्यंत माझं मत असं होतं की बँक फसवते आहे. 43 टक्के व्याज कायद्यात बसतं का, हे शोधलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. म्हणजे तो रस्ता बंद. मग रिझर्व्ह बँकेचे 2022 चे कार्डांबद्दलचे नियम वाचले. त्यात लिहिलंय की मिनिमम रक्कम अशी ठरवावी की ती भरत राहिल्यास बाकी वाढत जाऊ नये. आता सापडला मुद्दा, असं वाटलं. माझी बाकी तर वाढली आहे!

वही घेऊन पुन्हा बसले आणि इथे माझं मत बदलायला लागलं. पहिला महिना वेगळा, त्यात मागचे सगळे दिवस धरले गेले. नंतरच्या एखाद्या महिन्याचं गणित बघा. बाकी 61,332. मिनिमम 5 टक्के, 3,067. त्या महिन्याचं व्याज सुमारे 2,171, जीएसटी 391, दोन्ही मिळून 2,562. म्हणजे मी भरलेल्या 3,067 मधले मुद्दलाकडे गेले फक्त 505 रुपये. बाकी कमी होते, नियम पाळला जातो, पण 61 हजारांवर महिन्याला पाचशे रुपयांनी.

हा पाचशेचा आकडा नीट लक्षात घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. कार्ड कपाटात ठेवलं तर बाकी महिन्याला पाचशेने उतरेल. पाचशेच्या वर काहीही खरेदी केली, की ती चढणार. मी महिन्याला सरासरी अडीच हजारांची खरेदी करत होते: गॅस, रिचार्ज, किराण्यातलं थोडंफार. मला ते किरकोळ वाटायचं, कारण तीन-साडेतीन हजार ‘भरतेय’ ना. भरण्यातले खरे माझे पाचशेच होते, आणि वापर अडीच हजारांचा. दर महिन्याला सुमारे दोन हजारांनी बाकी वर जात होती.

सोळा महिन्यांची बेरीज अशी आली. सुरुवातीची बाकी 61 हजार, नवी खरेदी सुमारे 40 हजार, भरलेले सुमारे 61 हजार. साध्या वजाबाकीने 40 हजार उरायला हवेत. उरले 91 हजार. मधले 51 हजार रुपये व्याज आणि जीएसटी. फ्रिजच्या किमतीपेक्षा जास्त!

आणि काहीही नवं घेतलं नसतं तर? तेही काढून पाहिलं. मिनिमम हे बाकीच्या टक्क्यांत असतं, त्यामुळे बाकी उतरली की हप्ताही उतरतो आणि फेड आणखी मंदावते. 61 हजारांची बाकी निम्म्यावर यायला सात वर्षं लागतात. त्या सात वर्षांत सुमारे 1 लाख 86 हजार भरायचे आणि तरी साडेतीस हजार शिल्लक. काही बँका जीएसटी मिनिममच्या वर वेगळा धरतात, तिथे थोडं लवकर होतं. माझ्या कार्डात तो त्या पाच टक्क्यांतच होता. तुमच्या स्टेटमेंटच्या मागच्या पानांवर मिनिमम कसं काढतात त्याचं सूत्र दिलेलं असतं, तिथे बघा. तिथेच एक सूचनाही असते की दरमहा फक्त मिनिमम भरल्यास परतफेड महिने-वर्षं लांबते. माझ्या प्रत्येक स्टेटमेंटवर ती होती. मी ईमेल उघडायचे, पहिल्या पानावरची तारीख बघायचे आणि बंद करायचे.

बँकेने बाकीचे ईएमआय करून देते म्हणून सांगितलं. दर कार्डापेक्षा बराच कमी होता, पण प्रोसेसिंग फी होती आणि हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी होताच. मी आमच्या कर्मचारी पतसंस्थेत गेले. सचिवांना सगळं सांगायला लाज वाटत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, कार्डाचं मिनिमम आता किती येतंय?” म्हटलं, 4,562. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. 91 हजार, 12 टक्के, 24 महिने: हप्ता 4,284.

म्हणजे दर महिन्याला मिनिममपेक्षा कमी भरून दोन वर्षांत सगळं संपतं. एकूण व्याज बारा हजारांच्या आत आणि पतसंस्थेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. त्या दिवशी मी घरी येताना बसमध्ये तो आकडा पुन्हा पुन्हा बघत होते. मी सोळा महिने परवडतंय म्हणून जे भरत होते, तेवढ्यात हे दीड वर्षापूर्वीच फिटण्याच्या वाटेला लागलं असतं.

30 सप्टेंबरला पूर्ण 91,240 भरले. बाकी शून्य दिसली. आणि 12 ऑक्टोबरच्या स्टेटमेंटला 2,294 रुपये आले! यावेळी फोन करायच्या आधी स्वतः हिशोब केला: 12 ते 30 सप्टेंबर, अठरा दिवसांचं 91,240 वरचं व्याज आणि जीएसटी. स्टेटमेंट बनल्यानंतर पैसे भरेपर्यंतचे दिवस पुढच्या बिलात येतात. पूर्ण भरलंय म्हणून पुढचं बिल न बघणाऱ्याची ही छोटी रक्कम राहून जाते आणि तिच्यावर लेट फी चढते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. तेही भरलं. मध्ये काहीही खरेदी केली नाही. नोव्हेंबरच्या स्टेटमेंटला व्याजाच्या ओळीत शून्य आलं, तेव्हा बिनव्याजी दिवस परत मिळाले हे कळलं.

कार्ड बंद करणार होते, केलं नाही. पूर्ण बिल भरलं तर ते खरंच फुकटात महिनाभर पैसे वापरू देतं, हे मान्य करायला हवं. एक स्टारवरून तीनवर आले आहे. उरलेले दोन मी अ‍ॅपसाठी कापते. ऑटो डेबिट ‘टोटल’वर करायला मेनूत चार पायऱ्या खाली जावं लागलं आणि बदल लागू व्हायला एक बिल जावं लागलं. आजही हाताने भरायला गेलं की पहिला पर्याय म्हणून मिनिममवरच ठिपका आधीपासून लागलेला असतो. मागच्या महिन्याचं बिल 3,118 होतं. ठिपका 156 वर होता.